चाळीस हजारांचं काय झालं?

शिबिर संपलं, मंडप उतरला, की चार-आठ दिवसांत प्रायोजकाच्या टेबलावर संस्थेच्या लेटरहेडवरचं एक पत्र येऊन पडतं. ‘आपल्यासारख्या दानशूर व्यक्तिमत्त्वामुळेच समाजकार्याची ज्योत तेवत आहे. आपल्या अमूल्य सहकार्याने आमचा उपक्रम यशस्वीरीत्या पार पडला. आम्ही आपले शतशः ऋणी आहोत.’ खाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार अशा सगळ्यांच्या सह्या. प्रायोजक ते वाचतो, कधी वाचतही नाही, आणि ते फाइलला लागतं. त्याला खरं तर एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, आपल्या पैशांचं काय झालं. आणि तेवढंच त्या पत्रात नसतं.

असं पत्र हातात आलं की मी एक कसोटी लावतो. हे पत्र शिबिराच्या आदल्या दिवशी लिहिता आलं असतं का? वरचं पत्र आलं असतं. रक्तदान, वृक्षारोपण, व्याख्यानमाला, कुस्त्यांचं मैदान, कुठल्याही कार्यक्रमाच्या आधी ते छापून ठेवता येईल. ज्यातलं एकही वाक्य कार्यक्रम झाल्यामुळे बदललं नाही, त्या पत्रानं कार्यक्रमाबद्दल काही सांगितलेलं नसतं. लिहिणाऱ्याचा भाव खोटा असतो असं मी म्हणत नाही. बहुतेकदा त्याच्या हाताशी सांगण्यासारखी माहितीच नसते आणि ती पोकळी विशेषणांनी भरली जाते.

एक उदाहरण घेऊन हे पत्र नीट बांधून पाहू. समजा, एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयानं नेत्रतपासणी शिबिर घेतलं. गावातल्या सिमेंट-लोखंडाच्या एका व्यापाऱ्यानं आईच्या स्मरणार्थ ४०,००० रुपये दिले. डॉक्टर आणि यंत्रं जिल्ह्याच्या ठिकाणच्या धर्मादाय नेत्ररुग्णालयाची. पूर्वी शाळेच्या वर्गखोल्यांतही मोतीबिंदूची ऑपरेशनं व्हायची. आता तशी करत नाहीत. शिबिरात फक्त तपासणी होते आणि ऑपरेशन लागणाऱ्यांना रुग्णालयात नेतात. पत्राच्या दृष्टीनं ही बाब फार महत्त्वाची आहे, कारण शिबिराचा दिवस संपतो तेव्हा शिबिराचं काम अर्धंच झालेलं असतं.

आकडे असे धरू. तपासणी १७१ जणांची झाली. त्यातल्या ६४ जणांना जवळचा चष्मा लागला, तो तिथंच मिळाला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया २९ जणांना सुचवली. प्रत्यक्षात बसमध्ये चढले १७. रुग्णालयात पोचल्यावर एकाच्या अश्रुपिशवीत संसर्ग आढळला म्हणून त्याला औषधं देऊन परत पाठवलं, तेव्हा ऑपरेशनं झाली १६.

आता यातला कुठला आकडा पत्रात घालायचा? बहुतेक संस्था सगळ्यात मोठा उचलतात: ‘१७१ जणांनी लाभ घेतला.’ मला ‘लाभ घेतला’ हे शब्द पत्रात नकोसे वाटतात. रांगेत उभं राहून, तक्त्यावरची अक्षरं वाचून, ‘तुमचे डोळे चांगले आहेत’ हे ऐकून घरी गेलेल्या माणसाला दिलासा मिळाला हे खरं. पण त्याच्या नजरेत काही फरक पडला नाही. फरक पडला तो चष्मा मिळालेल्यांच्या आणि ऑपरेशन झालेल्यांच्या आयुष्यात. १७१ हा केलेल्या कामाचा आकडा आहे. त्यातून काय साधलं ते ६४ आणि १६ सांगतात. पत्रात दोन्ही हवेत, पण त्यांची सरमिसळ नको. आणि लहान आकडा नेहमी मोठ्याच्या सोबत सांगावा. ‘१६ ऑपरेशनं झाली’ यापेक्षा ‘सुचवलेल्या २९ पैकी १६ जणांची झाली’ हे वाक्य प्रायोजकाला जास्त काही देतं. उरलेल्या तेरांचं काय झालं, हा प्रश्न तो स्वतःच विचारतो, आणि तो प्रश्न त्यानं विचारावा असंच आपल्याला वाटायला हवं.

दुसरी अडचण श्रेयाची. ‘आपल्यामुळे १६ जणांना दृष्टी मिळाली’ हे वाक्य लिहायचा मोह प्रत्येक सचिवाला होतो. वाचायला ते छान आहे, पण खरं नाही. ऑपरेशनचा खर्च व्यापाऱ्यानं केलेला नाही. केंद्र सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याखाली स्वयंसेवी रुग्णालयांना मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियांसाठी अनुदान मिळतं. बाकीचा भार रुग्णालय आपल्या पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून आणि देणग्यांतून उचलतं. मग चाळीस हजार कुठं गेले? गावोगाव फिरलेल्या ध्वनिक्षेपकाच्या रिक्षेला ३,००० रुपये. मंडप आणि खुर्च्यांना ६,५००. रुग्ण आणि स्वयंसेवकांच्या चहा-नाश्त्याला ५,५००. चौसष्ट चष्म्यांना, प्रत्येकी १२५ रुपयांप्रमाणे, ८,०००. आणि रुग्णांना नेण्या-आणण्याच्या दोन मिनीबस फेऱ्यांना १४,०००. एकूण ३७,०००. उरले ३,०००.

या यादीत बसचं भाडं वरवर सर्वांत रुक्ष दिसतं, पण त्यातच खरी गोष्ट आहे. ऑपरेशन मोफत असतं हे गावात बहुतेकांना ठाऊक असतं. अडतं ते पुढं. सत्तरीच्या माणसाला, तेही अंधुक दिसत असताना, सत्तर किलोमीटर एस.टी.नं न्यायचं कुणी, आणि मुलाचा दोन दिवसांचा रोज बुडवायचा का? वाचनालयाच्या दारातून निघून परत दारात आणणारी गाडी असली, की हा प्रश्नच उरत नाही. तेव्हा व्यापाऱ्याला प्रामाणिकपणे सांगता येतं की ऑपरेशन रुग्णालयानं केलं, पण हे सतरा जण तिथवर पोचले ते तुमच्या गाडीनं. दृष्टी दिल्याच्या श्रेयापेक्षा हे लहान आहे, पण ते पूर्णपणे त्याचं आहे, आणि रुग्णालयाच्या डॉक्टरांसमोर वाचून दाखवलं तरी कुणाची मान खाली जाणार नाही. रुग्णालयाचं आपल्या पत्रकात त्याच सोळा ऑपरेशनांबद्दल दुसऱ्या देणगीदाराचे आभार मानणं चाललेलं असतंच. दोन्ही पत्रं एकाच माणसाच्या हाती पडली तर दोन्हींवरचा विश्वास उडतो.

तिसरी गोष्ट वेळेची. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघते, माणूस हसतो, आपण फोटो काढतो. पण तेव्हाची नजर ही अखेरची नजर नव्हे. डोळ्याची सूज उतरते, जखम भरते, थेंब हळूहळू कमी होतात, आणि साधारण सहा आठवड्यांनी नंबर स्थिर झाला का ते पाहून चष्मा ठरतो. म्हणून आठवड्याभरात लिहिलेल्या पत्रात नजर सुधारल्याचं ठामपणे लिहिता येत नाही. उपाय सोपा आहे, पत्रं दोन लिहावीत. पहिलं चार दिवसांत, अगदी छोटं, म्हणजे प्रायोजकाला वाट पाहायला लागत नाही. दुसरं सहा आठवड्यांनंतरची तपासणी झाल्यावर.

पहिलं पत्र साधारण असं:

‘स.न.वि.वि. रविवारी झालेल्या नेत्रतपासणी शिबिरासाठी आपण दिलेल्या ४०,००० रुपयांची पावती सोबत जोडली आहे. शिबिरात १७१ जणांचे डोळे तपासले. ६४ जणांना जवळचा चष्मा लागला. तो आपल्या देणगीतून त्याच दिवशी दिला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुचवलेल्या २९ पैकी १७ जण मंगळवारी रुग्णालयात गेले. त्या बसचे भाडे आपल्या देणगीतून दिले आहे; शस्त्रक्रिया रुग्णालय विनामूल्य करत आहे. नजर किती सुधारली हे सुमारे सहा आठवड्यांनी कळेल. तेव्हा खर्चाच्या तपशिलासह पुन्हा लिहितो. ठरल्याप्रमाणे आपल्या आईंचे नाव फलकावर आणि चष्म्यांच्या पाकिटांवर होते. वर्तमानपत्रातील बातमीत मात्र ते आले नाही. आम्ही पाठवलेल्या मजकुरात ते होते. पुढील बातमीत यावे म्हणून वार्ताहरांशी बोललो आहोत. आपला आभारी.’

शेवटच्या चार वाक्यांकडे लक्ष द्यावं. प्रायोजकाशी काही गोष्टी ठरलेल्या असतात, नाव कुठं लागेल, कुणाच्या हस्ते काय होईल. त्यांतली एखादी राहून गेली तर ती त्याच्या लक्षात आलेलीच असते. सकाळी पहिलं पान उलटून त्यानं आईचं नाव शोधलेलं असतं. आपण त्याबद्दल गप्प राहून वर दानशूरपणाची स्तुती केली, तर ती स्तुती झाकपाकीसारखी वाटते. जे झालं नाही ते दोन ओळींत सांगावं आणि पुढं जावं. पाच ओळींची दिलगिरीही नको.

आता दुसरं पत्र. सहा आठवड्यांनी रुग्णालयाचा तंत्रज्ञ वाचनालयात येऊन गेला. सोळापैकी चौदा जण आले, दोघे आले नाहीत. नजर मोजायची रीत इथं वाचकाला थोडी माहीत हवी. तक्ता सहा मीटरवर असतो. निरोगी डोळा जे अक्षर साठ मीटरवरून वाचतो ते एखाद्याला सहा मीटरवरूनच वाचता येत असेल, तर त्याची नजर ६/६० लिहितात. ६/६ म्हणजे ठीक नजर. मधल्या ६/१८ पर्यंत माणूस आला, की रोजचे बहुतेक व्यवहार कुणाच्या मदतीशिवाय होतात. चौदापैकी बारा जण ६/१८ किंवा त्याहून चांगले निघाले. दोघांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, पण जुन्या मधुमेहानं डोळ्याचा पडदा खराब झाल्यामुळे फारसा फरक पडला नाही.

‘स.न.वि.वि. शिबिराचे उरलेले वृत्त कळवतो. रुग्णालयात गेलेल्या १७ पैकी १६ जणांची शस्त्रक्रिया झाली. एकाच्या अश्रुपिशवीत संसर्ग होता. तो बरा झाल्यावर त्यांना पुन्हा बोलावले आहे. सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीला १४ जण आले. त्यांपैकी १२ जणांची नजर घराबाहेर एकट्याने वावरण्याइतकी झाली आहे. दोघांना मधुमेहामुळे अपेक्षित फरक पडला नाही. त्यांना पडद्याच्या तपासणीसाठी पाठवले आहे. न आलेल्या दोघांच्या घरी आमचे ग्रंथपाल जाऊन येणार आहेत.

शस्त्रक्रिया सुचवलेले १२ जण त्या वेळी गेले नाहीत. पाच जणांचा रक्तदाब किंवा साखर जास्त होती. सात जणांनी सोयाबीनची काढणी चालू असल्याचे सांगितले. शिबिर काढणीनंतर घेतले असते तर यांतील काही जण आले असते, असे आम्हांस वाटते.

एका आजींची नजर ६/६० होती, आता ६/१२ आहे. पाणंदीच्या वाटेने शेतात जाताना त्यांना नातवाचा हात लागे आणि आठवड्यातून दोन-तीनदा त्याची शाळा बुडे. आता त्या एकट्या जातात. त्यांच्या संमतीने हे लिहीत आहे.

खर्च ३७,००० रुपये झाला. तपशील आणि बिलांच्या प्रती सोबत आहेत. उरलेले ३,००० रुपये आपल्याशी फोनवर बोलणे झाल्याप्रमाणे तंत्रज्ञांच्या सहा आठवड्यांनंतरच्या भेटीच्या गाडीसाठी वापरले. आमच्या मूळ मागणीत बसचा खर्च नव्हता. तो आम्ही ऐन वेळी सांगितला आणि आपण त्याच फोनवर होकार दिलात. त्याबद्दल आपले मनापासून आभार.’

पत्र इथं संपलं. त्यात आभाराचं एकच वाक्य आहे आणि ते प्रायोजकानं केलेल्या एका ठरावीक गोष्टीबद्दल आहे. माझ्या मते आभाराची योग्य जागा हीच. ‘दातृत्व’ हा गुण कुणालाही चिकटवता येतो. ऐन वेळी फोनवर ‘बसचंही घ्या’ म्हणणारा माणूस तो एकटाच होता, आणि ते आपल्या लक्षात राहिलं आहे हे त्याला कळलं, की अधिक काही म्हणावं लागत नाही.

सोयाबीनच्या काढणीचा परिच्छेद पुष्कळ जण गाळतील. आभारपत्रात उणी बाजू कशाला, असं त्यांना वाटतं. पण ज्याचा पैसा लागला त्याला पुढच्या वेळी पैसा कुठं लावावा हे समजण्याचा हक्क आहे, आणि ती माहिती देणारा एवढा एकच परिच्छेद त्या पत्रात आहे. आधीच्या पत्रातले १७ आणि आताचे १६ जुळत नाहीत असं प्रायोजकाला वाटू नये, म्हणून मधल्या एकाचा हिशेबही दिला आहे. एक मर्यादा मात्र पाळावी. ऑपरेशननंतर कुणाच्या डोळ्यात संसर्ग झाला, डोळा धोक्यात आला, तर ती बातमी पत्रानं कळवायची नसते. त्याच दिवशी फोन करावा किंवा स्वतः जाऊन सांगावं. आभारपत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात अशी गोष्ट आली तर ती लपवल्यासारखी होते.

आजींचं उदाहरण एकच घेतलं आहे, नाव न घालता. लहान गावात नाव न घातलं तरी ओळख पटते, म्हणून संमती विचारायची. डोळ्याला पट्टी बांधलेल्या रांगेचा फोटो प्रायोजकासह काढून पाठवायची पद्धत मला खटकते. उपचार घेताना आपण कुणाच्या तरी उपकारात आहोत हे त्या माणसाला सगळ्या गावापुढं दाखवायला लागू नये. वाचनालयाबाहेर उभी असलेली बस आणि तिच्यात चढणारी माणसं, पाठमोरी, एवढा फोटो पुरतो.

आता मुद्द्याची गोष्ट. हे दुसरं पत्र शिबिरानंतर बसून कुणालाही लिहिता येणार नाही. ते शिबिराच्या सकाळी नोंदवहीत आखावं लागतं. वाचनालयाच्या नोंदवहीत बहुधा अनुक्रमांक, नाव, गाव आणि सही एवढेच रकाने असतात. त्यांतून ‘१७१’ याखेरीज काही निघत नाही, आणि मग पत्रात ज्योत तेवायला लागते. त्या जागी फोन नंबर, वय, उजव्या आणि डाव्या डोळ्याची नजर, निदान, काय दिलं, रुग्णालयात गेले का, न गेल्यास कारण, ऑपरेशनची तारीख आणि सहा आठवड्यांनंतरची नजर असे रकाने आखावेत. ‘न गेल्यास कारण’ हा रकाना सगळ्यांत आधी विसरला जातो. बस सुटताना मोकळ्या जागा दिसतात, त्याच वेळी फोन करून कारण लिहून घेतलं तर ते मिळतं. महिन्याभरानं विचारलं तर ‘जमलं नाही’ एवढंच उत्तर येतं. नोंदवहीवर एका स्वयंसेवकाला दिवसभर बसवावं, त्याला मधेच खुर्च्या लावायला उठवू नये. ज्यांनी नाव नोंदवलं पण रांगेला कंटाळून निघून गेले, त्यांच्या नावापुढे तशी खूण करावी, नाहीतर नोंदणीचा आकडा तपासणीचा म्हणून पत्रात जातो. असं फार वेळा घडतं आणि रुग्णालयाच्या यादीशी ताडून पाहिलं की लगेच उघडं पडतं.

प्रायोजक कंपनी असेल तर थोडा फरक पडतो. पत्र ज्याच्या हाती जातं त्या अधिकाऱ्याला ते वर दाखवायचं असतं, तेव्हा पत्र एका पानाचं ठेवावं आणि खर्चाचा तक्ता वेगळा जोडावा. कंपनी कायद्याखालच्या सामाजिक दायित्वाच्या, म्हणजे सीएसआरच्या निधीतून पैसे आले असतील तर शब्द जपून वापरावेत. स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेलं प्रायोजन त्या निधीत धरता येत नाही, असा नियम आहे. आपण भाबडेपणानं ‘आपल्या ब्रँडची उत्तम प्रसिद्धी झाली’ असं लिहून दिलं, तर ज्याचे आभार मानतो आहोत त्यालाच अडचणीत आणतो. निधी वापरल्याचं प्रमाणपत्र, पावती, लेखापरीक्षकाची सही हे सगळं स्वतंत्र कागदांवर जातं. आभारपत्र त्यांची जागा घेत नाही.

सही एकाची असावी, ज्यानं पैसे मागितले होते त्याची. पुढच्या वर्षीची मागणी या पत्रात घालू नये, ‘असाच लोभ असावा’ अशा आडवळणानंही नको. गावातल्या गावात असेल तर दुसरं पत्र टपालानं न पाठवता दुकानात नेऊन द्यावं, गिऱ्हाइकांची गर्दी नसेल अशा वेळी, आणि बिलांच्या प्रती सोबत असाव्यात. बसचं भाडं एवढं का झालं, हे बहुतेक प्रायोजक हमखास विचारतात. पत्राची एक प्रत नोंदवहीसकट वाचनालयाच्या फाइलमध्ये ठेवावी. पुढच्या वर्षी सचिव बदललेला असतो, आणि शिबिराची तारीख ठरवताना सोयाबीनची गोष्ट त्याला तिथूनच कळणार असते.